नकाशावरचे पार्लर

मोबाइलवर कुणी 'जवळचे ब्युटी पार्लर' असे शोधले की वर एक छोटा नकाशा येतो आणि त्याखाली बहुधा तीन नावे. ही नावे मुख्यतः गूगलच्या 'बिझनेस प्रोफाइल'मधून येतात. दुकानदाराने स्वतः भरलेली किंवा त्याच्या नकळत तयार झालेली ती एक नोंद असते. २०१४ पासून ही सेवा 'गूगल माय बिझनेस' या नावाने चालत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदलले, पण पुष्कळ लोक अजून जुनेच नाव घेतात. ती पूर्णपणे मोफत आहे. 'गूगलमधून बोलतोय, लिस्टिंग चालू ठेवायचे तर वर्षाचे पैसे भरा' असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्यावा.

त्या तीन नावांत कोण यायचे, हे ठरवताना गूगल तीन गोष्टी पाहते: नोंद शोधाशी किती जुळते, शोधणारी व्यक्ती तिथून किती लांब आहे, आणि त्या ठिकाणाची ख्याती किती आहे. अंतर कुणाच्याच हातात नसते. डोंबिवलीतल्या पार्लरने काहीही केले तरी कल्याणमध्ये उभ्या असलेल्या बाईला ते 'जवळचे' म्हणून दिसणार नाही, आणि ती तिथून येणारही नाही. उरलेल्या दोन गोष्टींवर मात्र बरेच काम करता येते. त्यातले पहिले काम म्हणजे नोंद खरी आणि नेमकी करणे, आणि बहुतेक छोट्या सलूनांचे घोडे तिथेच अडलेले असते.

उदाहरणासाठी डोंबिवली पूर्वेतले एक काल्पनिक पार्लर घेता येईल. एका सोसायटीच्या तळमजल्यावर रस्त्याकडेचा गाळा, आत दोन खुर्च्या, मालकीणबाई आणि एक मदतनीस मुलगी. नोंद चार वर्षांपूर्वी कुणा ओळखीच्या मुलाने करून दिलेली. फोन येतात ते 'तुमचं पार्लर सापडत नाही' असे सांगणारे.

यात पहिला प्रश्न मालकीचा असतो. ही नोंद कुठल्या जीमेल खात्यावर आहे? तो मुलगा आता पुण्याला नोकरीला गेला आणि नोंद त्याच्याच खात्यावर राहिली, असे सर्रास घडते. अशा वेळी नवी नोंद करणे ही मोठी चूक ठरते, कारण मग एकाच पत्त्यावर दोन नोंदी होतात आणि रिव्ह्यू दोन्हीकडे विखुरतात. त्याऐवजी जुन्या नोंदीवरच मालकीची मागणी नोंदवावी लागते. सध्याच्या खातेदाराला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने काहीच कळवले नाही तर पडताळणी करून नोंद स्वतःकडे घेण्याचा मार्ग सहसा खुला होतो. मुख्य मालकी पार्लरच्याच खात्यावर ठेवून मदत करणाऱ्याला फक्त 'मॅनेजर' केले की पुढे हा घोळ होत नाही.

पडताळणी आता बहुतेकदा व्हिडिओने होते. पद्धत गूगल ठरवते. दुकानदाराला ती निवडता येत नाही. व्हिडिओ न थांबवता, न कापता एकाच दमात घ्यायचा असतो आणि तो किमान अर्ध्या मिनिटाचा लागतो. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: जागा कुठे आहे, तिथे खरोखर पार्लर आहे का, आणि चित्रीकरण करणाऱ्याचा त्या जागेवर ताबा आहे का. म्हणून सुरुवात रस्त्यावरून करावी. शेजारचे मेडिकल, सोसायटीची कमान, मग स्वतःची पाटी. पुढे किल्लीने शटर उघडताना दाखवावे, आत आल्यावर खुर्च्या, आरसा, स्टीमर, आणि शेवटी गल्ल्याचा ड्रॉवर किंवा शॉप अॅक्टचा कागद. गिऱ्हाईक बसलेले असताना हे करू नये. इतरांचे चेहरे त्यात येता कामा नयेत. पाटीवर एक नाव आणि नोंदीत दुसरे असेल तर गाडी इथेच अडते. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, त्यामुळे पुष्कळांच्या पाट्या बदलल्या, नोंदी मात्र जुन्याच राहिल्या. नोंद इंग्रजी लिपीत असली तरी हरकत नाही. नाव तेच हवे.

नावाच्या बाबतीत मोह मोठा असतो. पाटीवर समजा 'स्वरा ब्युटी पार्लर' असेल, तर नोंदीत 'स्वरा ब्युटी पार्लर – बेस्ट ब्रायडल मेकअप हेअर स्पा डोंबिवली' असे लिहायला सांगणारे सल्लागार ढिगाने भेटतात. काही दिवस त्याचा फायदा झालेलाही दिसतो. पण गूगलच्या नियमात पाटीवर आणि व्यवहारात चालते तेवढेच नाव बसते. शेजारच्या स्पर्धकाने `Suggest an edit` दाबून तक्रार केली की शेपूट कापले जाते आणि प्रसंगी सगळी नोंदच निलंबित होते. ब्रायडल मेकअप आणि हेअर स्पा सांगायची जागा वेगळी आहे, ती म्हणजे प्रवर्ग आणि सेवांची यादी.

मुख्य प्रवर्ग एकच असतो, जोडीला आणखी नऊपर्यंत घेता येतात. नोंद शोधाशी जुळते की नाही हे ठरवण्यात मुख्य प्रवर्गाचा वाटा मोठा. बायकांच्या पार्लरने 'हेअर सलून' हा मुख्य प्रवर्ग लावला तर थ्रेडिंग किंवा फेशियल शोधणारीला ते मागे दिसण्याची शक्यता वाढते. पुरुषांच्या केशकर्तनालयाला 'ब्युटी सलून' लावले तर नको ते फोन येत राहतात. ज्या कामावर महिन्याचा निम्मा गल्ला जमतो तो मुख्य प्रवर्ग, असा साधा हिशेब पुरतो. जोडप्रवर्ग मात्र नऊ मिळतात म्हणून नऊ भरू नयेत. वर्षातून दोन नवऱ्या सजवणाऱ्या पार्लरने 'मेकअप आर्टिस्ट' लावले तर चालेल, पण नखांचे काम होतच नसताना 'नेल सलून' लावून आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणे महागात पडते. ती बाई जाताना एक तारा देऊन जाते.

आता पिन. पत्ता टाइप केला की गूगल त्याला समजेल त्या बिंदूवर पिन टोचते. तो कधी सोसायटीचा मध्य असतो, कधी रस्त्याचे टोक. डोंबिवलीसारख्या गावात, जिथे रेल्वेमार्गाने शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत, तिथे पत्त्यातला 'पूर्व' हा शब्द राहून गेला तर पिन रुळांच्या पलीकडे पडू शकते. सरळ रेषेत अंतर थोडेच, पण चुकलेल्या माणसाला पूल चढून परत यावे लागते. आपल्या उदाहरणातल्या पार्लरची अडचण याहून बारीक आहे. पिन आहे बरोबर त्याच इमारतीवर, पण इमारतीच्या मागच्या बाजूला. नकाशा माणसाला पिनच्या सर्वांत जवळच्या रस्त्यापर्यंत नेतो. मागची गल्ली पिनला जवळ पडली, की रिक्षा तिथेच थांबते आणि समोर दिसते ती कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी.

याचा उपाय असा. संपादनात पत्त्याच्या शेजारच्या नकाशावर उपग्रह दृश्य लावावे, नकाशा शक्य तितका मोठा करावा आणि पिन इमारतीच्या मधोमध न ठेवता ज्या रस्त्यावरून गाळ्यात शिरतात त्या कडेला सरकवावी. नंतर शटरसमोर उभे राहून फोनवरचा निळा ठिपका आणि पिन एकत्र येतात का ते पाहावे. उंच इमारतींच्या दाटीत निळा ठिपका पाच-दहा मीटर भरकटतो, म्हणून एकदाच पाहून विश्वास ठेवू नये. खरी परीक्षा म्हणजे पार्लर न पाहिलेल्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला स्टेशनवरून फक्त नकाशाच्या आधारे यायला सांगणे. ती जिथे थांबून फोन करते, तिथे चूक आहे. पत्ता लिहिताना गाळा क्रमांक, इमारत, रस्ता, पूर्व आणि पिनकोड एवढे ठेवावे. 'अमुक मंदिरासमोर' ही खूण पत्त्याच्या रकान्यात कोंबण्याऐवजी वर्णनात लिहिलेली बरी. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात एक वाक्य रस्ता सांगण्यासाठी सहज मावते.

वेळेकडे कुणी फारसे लक्ष देत नाही, आणि वाईट रिव्ह्यू सर्वांत जास्त तिथून उगवतात. महाराष्ट्रात सलूनची साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी सोमवारी असते. नोंदीत मात्र सातही दिवस 'उघडे' असते, कारण भरणाऱ्याने एकच वेळ सगळ्या दिवसांना लावलेली असते. दुपारी दोन ते चार पार्लर बंद राहत असेल तर एका दिवसात वेळेचे दोन टप्पे भरता येतात. नोकरी करणाऱ्या बायका लोकलने सात-साडेसातला डोंबिवलीला उतरतात. पार्लर नऊपर्यंत चालू असताना नोंदीत आठ लिहिले असेल तर नेमके हेच गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. दिवाळीच्या दिवसांत किंवा गावी जाताना नेहमीच्या वेळेला हात लावू नये. 'विशेष वेळ' या वेगळ्या सोयीत त्या तारखा भराव्यात. तारीख सरली की नोंद आपोआप नेहमीच्या वेळेवर येते.

दूरध्वनीबद्दल थोडक्यात सांगायचे तर जो नंबर पार्लरमध्ये वाजतो तोच द्यावा. नवऱ्याचा नंबर दिला की अपॉइंटमेंट विचारणाऱ्या बायका एका पुरुषाच्या आवाजाला बिचकून फोन ठेवतात, हा व्यवहारातला अनुभव आहे. जस्टडायल, फेसबुक, इन्स्टाग्राम, अॅपलचा नकाशा असे आणखी कुठे पार्लरचे नाव असेल तर तिथेही तेच नाव, तोच पत्ता, तोच नंबर हवा. दोन ठिकाणी दोन नंबर दिसले की गिऱ्हाईक गोंधळते आणि गूगललाही कुठला खरा ते कळत नाही.

फोटोंचे तांत्रिक नियम सोपे आहेत. जेपीजी किंवा पीएनजी, ५ एमबीच्या आत, आणि शक्यतो ७२० बाय ७२० पिक्सेल किंवा त्याहून मोठे. कुठल्याही साध्या फोनचा कॅमेरा त्याहून बरेच जास्त देतो, फक्त आकार कधीकधी कमी करावा लागतो. खरा प्रश्न असतो कशाचे फोटो टाकायचे हा. बहुतेक नोंदींत एखाद्या परदेशी मॉडेलचा इंटरनेटवरून उतरवलेला फोटो असतो, दुसरा 'शुभ दिपावली'चा, तिसरा दरपत्रकाचा तिरका आणि चमक मारणारा. गिऱ्हाइकाला मात्र दोनच गोष्टी पाहायच्या असतात. तिथे पोचायचे कसे, आणि आत शिरल्यावर कसे वाटेल.

म्हणून पहिला फोटो रस्त्याच्या पलीकडून घ्यावा, पाटी आणि शेजारचे दुकान दोन्ही येतील असा. सकाळी घेतला तर उत्तम, कारण दुपारी पाटीवर ऊन पडून अक्षरे उडतात. दुसरा संध्याकाळचा, दिवे लागल्यावरचा, कारण निम्मे लोक त्या वेळी येतात आणि तेव्हा दुकान वेगळेच दिसते. जिना किंवा आतली वाट असेल तर तिचाही एक. आतला फोटो काढताना दारात उभे राहून कोपऱ्याकडे रोख धरला तर खोली पूर्ण दिसते. आरशासमोर उभे राहिले तर फोटो काढणाऱ्याचा हात आणि फोनच मधोमध येतो. ट्यूबलाइटच्या उजेडात कातडी हिरवट दिसते, त्यामुळे दार उघडून दिवसाच्या प्रकाशात काढणे चांगले. वॅक्स तापवायचे भांडे, टॉवेल, बेसिन यांचे स्वच्छ, जवळून घेतलेले फोटो बायका बारकाईने पाहतात. केसांच्या मशागतीपेक्षा टॉवेलच्या रंगावरून पार्लर निवडणाऱ्या कमी नाहीत.

कामाचे 'आधी आणि नंतर'चे फोटो टाकताना गिऱ्हाइकाची स्पष्ट संमती घ्यावी, चेहरा दिसत असेल तर लेखी किंवा निदान व्हॉट्सअॅपवर. दोन्ही फोटो त्याच जागी, त्याच दिव्याखाली काढले तरच त्यांना अर्थ उरतो. फिल्टर लावू नये. गूगलच्या सूचनांतही मोठे फेरफार आणि भडक फिल्टर नकोत असे आहे, आणि केसांच्या रंगाच्या कामात फिल्टर म्हणजे निव्वळ खोटे बोलणे. फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश भरून देण्याचे पैसे घेणारेही भेटतात. त्यासाठी खिसा हलका करण्याचे कारण नाही. गूगलच्या मार्गदर्शनात अशा कशाचाही उल्लेख नाही. गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो दुकानदाराला काढून टाकता येत नाहीत, नियम मोडणारा असेल तर फक्त तक्रार करता येते. आणि कव्हर म्हणून निवडलेलाच फोटो गूगल दर वेळी पुढे दाखवेल याची खात्री नसते. त्यामुळे स्वतःचे दहा-बारा चांगले फोटो असणे आणि महिन्याकाठी दोन-तीन नवे पडत राहणे, एवढाच त्यावर इलाज आहे.

आता रिव्ह्यू. इथे आकडेमोड समजून घेतली की अर्धी भीती जाते. आपल्या पार्लरला समजा नऊ रिव्ह्यू आहेत, सगळे पाच ताऱ्यांचे. दहावी बाई एक तारा देते. बेरीज होते ४६, भागिले दहा, सरासरी ४.६. तेच साठ रिव्ह्यू असतील आणि सरासरी ४.८, तर बेरीज २८८. त्यात एक मिळवून ६१ ने भागले की ४.७४, म्हणजे पडद्यावर ४.७. एका रागावलेल्या गिऱ्हाइकाने पहिल्या पार्लरचे चार दशांश नेले, दुसऱ्याचा एकच. थोडक्यात, वाईट रिव्ह्यू टाळण्याची धडपड करण्यापेक्षा खऱ्या रिव्ह्यूंचा ओघ चालू ठेवणे जास्त उपयोगाचे.

मागायचे कसे? प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागण्यासाठी एक दुवा आणि क्यूआर कोड तयार मिळतो. तो छापून गल्ल्याशेजारी, पैसे भरण्याच्या क्यूआरपासून थोडा लांब ठेवावा. शेजारी ठेवला तर लोक चुकून तो स्कॅन करून पैसे कुठे टाकायचे ते शोधत बसतात. पण नुसता चिकटवलेला कोड फारसे काम करत नाही. काम करते ते योग्य क्षणी विचारणे. केस सेट झाल्यावर बाई आरशात वळून मागची बाजू पाहते, तो क्षण. 'ताई, आवडलं असेल किंवा काही राहिलं असेल, दोन ओळी गूगलवर लिहा ना' एवढेच वाक्य पुरते. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर दुवा एकदाच पाठवावा, पुन्हा आठवण करू नये. रोज दोघींना विचारले तर आठवड्याला तीन-चार रिव्ह्यू पडायला हरकत नाही, आणि ते मराठीत असले तरी उत्तमच. कुठल्या कामासाठी आली होती हे बाईने आपल्या शब्दांत लिहिले तर वाचणारीला फायदा होतो. वाक्ये तयार करून देऊ नयेत, ती वाचताक्षणी ओळखू येतात.

जे करायचे नाही ते स्पष्ट आहे. 'पाच तारे द्या, थ्रेडिंग फ्री' ही पाटी नियमभंग आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, भेट, पैसे काहीही चालत नाही. खूश दिसणाऱ्यांनाच दुवा पाठवणे आणि नाराजांना वगळणे हेही नियमात बसत नाही. मालकीणबाईंनी, मदतनीस मुलीने किंवा घरच्यांनी लिहिणे हे हितसंबंधातले लेखन ठरते. विकत मिळणारे पन्नास रिव्ह्यू एका आठवड्यात पडले की बनावट ओळखणारी यंत्रणा ते पुसते, कधीकधी त्यांच्याबरोबर खरेही जातात. प्रकार गंभीर असेल तर गूगल नवे रिव्ह्यू घेणे काही काळ थांबवते आणि बनावट रिव्ह्यू काढल्याची सूचना प्रोफाइलवर सर्वांना दिसेल अशी लावते. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी `IS 19000:2022` हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, पण विकत घेतलेले रिव्ह्यू त्यात साफ नाकारलेले आहेत.

तक्रारीला उत्तर देताना ते लिहायचे असते पुढे वाचणाऱ्या शंभर जणींसाठी; तक्रार करणारी बहुधा आधीच निघून गेलेली असते. समजा कुणी लिहिले, 'वेळ घेऊन गेले तरी पाऊण तास बसवून ठेवलं.' 'आमच्या सेवेबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' हे छापील उत्तर चिडवणारे ठरते. त्याऐवजी असे लिहिता येईल: 'ताई, तुमची वेळ साडेचारची होती आणि खुर्ची सव्वापाचला मिळाली, हे खरं आहे. आधीचं कलरचं काम लांबलं. आता कलरनंतर अर्धा तास मोकळा ठेवतो. माफ करा.' चार वाक्ये, खरी घटना आणि केलेला बदल. बाईच्या त्वचेचा, केसगळतीचा किंवा तिने गप्पांत सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीचा उल्लेख उत्तरात येता कामा नये. खोट्या रिव्ह्यूबाबत तक्रार नोंदवता येते. पण 'आम्हाला पटत नाही' हे कारण चालत नाही. शिवीगाळ, जाहिरात, हितसंबंध, विषयाशी संबंध नसणे असा नेमका नियम दाखवावा लागतो. फेटाळली गेली तर एकदा अपील करता येते. खरा पण कडू रिव्ह्यू जागचा हलत नाही.

परिणाम मोजताना स्वतःच्या फोनवर स्वतःचे पार्लर शोधून पाहणे निरुपयोगी असते. पार्लरमध्ये बसून शोधल्यावर अंतर शून्य, त्यात जुने शोध लक्षात ठेवलेले. पहिले नाव आपलेच येणार. प्रोफाइलमधल्या कामगिरीच्या आकड्यांत फोन किती लागले, रस्ता किती जणांनी विचारला आणि कुठल्या शब्दांनी शोधले ते दिसते. आपल्या उदाहरणात पिन हलवल्यानंतर रस्ता विचारणारे तेवढेच राहिले आणि 'सापडत नाही'चे फोन थांबले, तर काम झाले. शोधाच्या शब्दांत 'मुलांचे हेअरकट' वारंवार दिसत असेल आणि पार्लर ते करत असेल, तर सेवांच्या यादीत ते नाही हे तेव्हा लक्षात येते. त्याच फेरीत पत्ता, वेळ आणि नंबर कुणी बदलून टाकला नाही ना हेही पाहावे. कुठलाही नकाशा वापरणारा बदल सुचवू शकतो, आणि गूगल कधीकधी तो मालकाला न विचारता स्वीकारते.

पुढे कधी गाळा बदलला, तर जुनी नोंद बंद करून नवी उघडण्याचा सल्ला ऐकू नये. त्याच नोंदीत पत्ता बदलावा, पिन नव्या शटरकडे सरकवावी, नव्या पाटीचा फोटो टाकावा आणि पुन्हा पडताळणी मागितली गेली तर ती करून घ्यावी. व्यवसाय तोच असल्याने रिव्ह्यू बरोबर येतात. जुन्या जागी नकाशाने स्वतः तयार केलेली एखादी वेगळी नोंद उरली असेल तर ती दुबार म्हणून कळवावी, नाहीतर जुन्या गल्लीत रिक्षा थांबत राहते.